ग्रुपवर मला सारखं ‘सस’ म्हणतात, याला उत्तर काय द्यायचं?

प्रश्न: नोकरीसाठी नुकताच पणजीला आलोय. इथल्या मित्रांच्या ग्रुपवर कोण उशिरा आला, कोणी फोन उचलला नाही की लगेच ‘सस आहे हा’, ‘इम्पोस्टर सापडला’, ‘इमर्जन्सी मीटिंग’ असं सुरू होतं. मी तो गेम कधी खेळलो नाही. हे नक्की काय चालतं, आणि माझ्यावर आलं की काय करायचं?

उत्तर:

गेमचं नाव अमंग अस. इनरस्लॉथ नावाच्या छोट्या कंपनीने २०१८ मध्ये काढला, तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही, आणि मग २०२० मध्ये सगळे घरात अडकल्यावर एकदम पेटला. फोनवर फुकट होता त्यामुळे आमच्याकडे म्हापशात, वाड्यावरच्या पोरांपासून कॉलेजच्या ग्रुपपर्यंत सगळे तेच खेळत होते, पावसाचे दिवस, मधेच लाईट जायची, नेट जायचं, आणि जो गायब झाला तोच खुनी असं बाकीचे ठरवून मोकळे व्हायचे.

खेळ असा की एका अंतराळयानात काही रंगीत बाहुल्यांसारखी माणसं, तेव्हा ४ ते १० खेळाडू असायचे, नंतर १५ झाले. बहुतेक जण क्रूमेट, त्यांनी वायरी जोडायच्या, कार्ड स्वाइप करायचं, कचरा टाकायचा अशी कामं करायची. एक ते तीन जण इम्पोस्टर. ते कामं करतोय असं फक्त दाखवतात आणि एकटा कोणी सापडला की उडवतात. कोण कोण आहे ते इम्पोस्टर सोडून कोणालाच माहीत नसतं. ज्याचं वागणं पटत नाही तो सस, म्हणजे सस्पिशस.

आता तुझ्या कामाचा भाग मीटिंगचा. मीटिंग दोन प्रकारे लागते. एक म्हणजे कोणाला मेलेला माणूस दिसला तर तो रिपोर्ट करतो, म्हणजे हातात काहीतरी ठोस आहे. दुसरी म्हणजे कॅफेटेरियातल्या टेबलावरचं लाल बटण दाबायचं, त्याला पुरावा लागत नाही, नुसता संशय पुरतो. पण हे बटण प्रत्येकाला मोजूनच मिळतं, किती ते होस्ट ठरवतो, बहुतेक वेळा एकदाच. बटण दाबलं की सगळे जिवंत खेळाडू एका टेबलाशी येतात, थोडा वेळ बोलणं, मग मतदान. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो बाहेर. मतं बरोबरीत आली किंवा स्किपला जास्त पडली तर कोणीच जात नाही. बाहेर गेलेला भूत होतो, त्याला सगळं दिसतं पण जिवंत लोकांशी बोलता येत नाही. आणि सेटिंग तसं ठेवलेलं असेल तर स्क्रीनवर येतं की अमुक इम्पोस्टर नव्हता, एक इम्पोस्टर अजून शिल्लक आहे. ही ओळ वाचल्यावर मत देणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

ग्रुपवरच्या जोकची मजा नुसतं ‘सस’ म्हणण्यात नाहीच असं मला वाटतं, ती या मीटिंगमध्ये आहे. आरोप, मग ‘कुठे होतास’, मग साक्षीदार, मग मत. हे सगळं झालं तर जोक, नाहीतर कोणी रोज उठून कोणालाही सस म्हणत बसला तर तो नुसता त्रास.

आमच्या ग्रुपवरचं एक सांगतो म्हणजे कळेल. नावं देत नाही, गेमसारखे रंगच घेऊ. श्रावणातली गोष्ट. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ती संपून ताजी मासळी यायला लागते आणि नेमका त्याच सुमारास श्रावण लागतो, त्यामुळे श्रावणभर शिवराक, म्हणजे शाकाहारी, राहायचं म्हणजे खरंच जिवावर येतं. हिरव्याने ग्रुपवर जाहीर केलेलं की पूर्ण महिना शिवराक. लाल म्हणालेला की सोमवार आणि शुक्रवार तरी नक्की.

एका शुक्रवारी दुपारी लालने फोटो टाकला. म्हापशाच्या बाजाराजवळ एक मासळीच्या जेवणाची खाणावळ, तिच्या दारात हिरव्याची स्कूटर. खाली एकच शब्द, सस. लगेच इमर्जन्सी मीटिंग. आमच्याकडे नियम आहे की मीटिंग महिन्यात प्रत्येकाला एकच, लालने त्याची वापरली.

हिरव्याला पहिला प्रश्न गेला, कुठे होतास. तो म्हणाला, अरे शुक्रवारचा बाजार, पार्किंग मिळतं का कधी, जागा दिसली तिथे लावली आणि फुलं घ्यायला गेलो. हे उत्तर चांगलं आहे बघ. शुक्रवारी म्हापशात पार्किंगचं काय होतं ते सगळ्यांना माहीत, त्यामुळे खोटं ठरवता येत नाही. पण गेममध्ये मुरलेला माणूस लगेच ओळखेल की यात साक्षीदार नाही. फुलवाली काही ग्रुपवर नाही.

मग पिवळीने खरा प्रश्न टाकला. ती हिरव्याला काही बोललीच नाही, लालला विचारलं, तुझं ऑफिस पर्वरीला, आणि शुक्रवारी भर दीड वाजता तू त्या खाणावळीच्या दारात काय करत होतास रे? याला गेममध्ये सेल्फ रिपोर्ट म्हणतात. इम्पोस्टर स्वतःच मारतो आणि स्वतःच आधी जाऊन ओरडतो की बघा इथे बॉडी पडलीय, कारण ओरडणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही. लाल म्हणाला घरच्यांसाठी पार्सल न्यायला आलेलो. आता हे खरं असलं तरी ऐकायला किती वाईट वाटतं, शुक्रवारी, श्रावणात, मासळीचं पार्सल, घरच्यांसाठी! त्यात तो मोठमोठे मेसेज लिहायला लागला, बिल दाखवतो म्हणाला, आणि जितकं लिहिलं तितका जास्त सस झाला. गेममध्येही असंच होतं, निरपराध माणूस घाबरून जास्त बोलतो आणि स्वतःच अडकतो.

व्हॉट्सॅपचा पोल लावला. लालला तीन, हिरव्याला एक, स्किपला दोन. लाल बाहेर. बाहेर गेलेल्याने संध्याकाळपर्यंत ग्रुपवर बोलायचं नाही आणि संध्याकाळी सगळ्यांना भाजी-पाव द्यायचा, एवढीच शिक्षा असते.

आणि मग सुटलो म्हणून खुशीत आलेल्या हिरव्याने लिहिलं, बरं झालं, नाहीतरी आज तिथे इसवण संपलेलं, नुसता बांगडा होता.

फुलं घ्यायला गेलेल्याला आत इसवण संपलं ते कसं कळलं? गेममध्ये इम्पोस्टर पकडायची ही सगळ्यात भारी पद्धत आहे, बॉडी कुठे सापडली ते कोणी सांगायच्या आधीच जो ‘इलेक्ट्रिकलच्या खोलीत ना?’ म्हणतो तो गेला. लालला तर सगळं दिसत होतं पण भूत असल्यामुळे बोलायची सोय नाही, त्याने नुसते डोळ्यांचे इमोजी पाठवले. शेवटी गुलाबीने तिचं बटण दाबलं. हिरव्याला लपवायला काही उरलंच नव्हतं. भाजी-पाव त्याने दिला, आणि लालचंही बिल त्यानेच भरलं.

यात दोन गोष्टी होत्या म्हणून हसता आलं. एक म्हणजे विषय बांगड्याचा होता. दुसरी, ज्याच्यावर आरोप तो समोर होता आणि बोलू शकत होता. जो ग्रुपवर नाही, किंवा झोपलाय, किंवा फोन बंद आहे, त्याच्यावर मीटिंग घेतली तर ती सरळ चुगली झाली. गेममध्ये सगळे जिवंत लोक टेबलाशी आल्याशिवाय मत पडत नाही, हा नियम ग्रुपवर पण पाळायलाच हवा, निदान आम्ही पाळतो.

कुठे वापरू नये ते पण स्पष्ट सांगतो. पैसे कमी पडले, कोणाची वस्तू गेली, कोणाच्या नात्यात भांडण चाललंय, तिथे हा जोक अजिबात नको, कारण तिथे मत पडलं की ते संध्याकाळी पुसलं जात नाही, लोकांच्या डोक्यात राहतं. गेममध्ये सुद्धा रिअॅक्टर किंवा ऑक्सिजनचा सॅबोटाज चालू असताना बटण दाबता येत नाही, आधी बिघाड दुरुस्त करायचा.

आणि तू बाहेरून आलायस म्हणून हे मुद्दाम लिहितो. गोव्यात ‘भायलो’ हा शब्द लोकांना लागतो, दोन्ही बाजूंनी. तू उशिरा आलास म्हणून कोणी तुला इम्पोस्टर म्हणालं तर ठीक आहे, ते सगळ्यांनाच म्हणतात. पण तू इथला नाहीस, तुझं मराठी वेगळं, म्हणून इम्पोस्टर म्हणायला लागले तर तो जोक नाही, कारण त्याला तू उत्तरच देऊ शकत नाहीस, जन्म कुठे झाला याला काय अॅलिबाय देणार? असं झालं तर ग्रुपवर वाद घालू नको, ज्याच्याशी जरा पटतं त्याला बाजूला घेऊन सांग की हे मला आवडलं नाही. चांगले मित्र असतील तर तिथेच थांबतील.

फरक ओळखायला सोपं आहे. बाकीच्यांवर पण मीटिंग लागते का बघ, की दरवेळी तुझ्यावरच? पोलमध्ये स्किप ठेवतात का? तू उलटा प्रश्न टाकलास तर त्याला उत्तर देतात का? तिन्ही होत असेल तर त्यांनी तुला खेळात घेतलंय.

राहिलं उत्तर कसं द्यायचं. छोटं दे. जागा सांग आणि एक माणूस सांग जो ग्रुपवर आहे, ‘मी अटल सेतूवर अडकलेलो, पांढरा माझ्या मागेच होता, विचारा त्याला’. एवढंच. स्क्रीनशॉट, लोकेशन, बिल काही पाठवू नको, लालचं काय झालं ते वाचलंस ना. आणि लगेच ज्याने बटण दाबलं त्याला विचार, तू तेव्हा कुठे होतास?