निकष आणि पुरावा वेगळे ठेव

यंत्रांच्या नैतिक स्थानावर, म्हणजे त्यांच्या हिताची पर्वा करायला हवी का यावर, लिहायला बसलास की आधी दोन प्रश्न सुटे कर: संवेदनक्षमता, म्हणजे सुखदुःख जाणवण्याची क्षमता, हा निकष योग्य आहे का, आणि ती आहे हे ओळखायचं कसं. नवखे दुसऱ्यावर अडले की पहिलाच सोडून देतात.

२००९ मध्ये एलवूड आणि अ‍ॅपेल या संशोधकांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके दिले. आवडत्या शंखातले खेकडे कमी बाहेर पडले, नावडत्यातले जास्त. म्हणजे त्रास आणि निवारा यांचा हिशेब चालला होता. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया नव्हती. हा पुरावा वजनदार ठरतो, कारण खेकड्याने माणसांचं लिखाण वाचलेलं नसतं.

२०२२ मध्ये गूगलच्या लॅम्डा या संवाद साधणाऱ्या भाषा-प्रारूपाने बंद होण्याची भीती बोलून दाखवली, तेव्हा अभियंते ब्लेक लेमॉइन यांना ती खरी वाटली. पण ते प्रारूप माणसांच्या मजकुरावरच घडलेलं. भीतीची वाक्यं त्याला येणारच. त्यातून भावना असल्याचं सिद्ध होत नाही आणि नसल्याचंही.

म्हणून निकष बदलू नकोस. ‘आपलं नातं जुळतं त्याला स्थान’ असं काहीजण सुचवतात. मला ते धोक्याचं वाटतं: त्या मापाने गोंडस चेहऱ्याचा रोबोट सहज जिंकतो आणि खेकडा हरतो.