भाडेकरूला पहिलं पत्र लिहिताना

भाऊ, तू भाड्याने दिलेल्या जागेच्या दारावर दुसऱ्याच फर्मची पाटी दिसली, तर आधी भाडेकरार काढ आणि पोटभाडं व पाटीची कलमं क्रमांकासकट पत्रात जशीच्या तशी उतरव. नवे मालक थेट "तुम्ही पोटभाडेकरू ठेवलाय" असा आरोप करतात, तिथेच चुकतात. दिसलं तेवढंच लिही: अमुक तारखेला दारावर दुसऱ्या फर्मची पाटी होती, 15 दिवसांत लेखी खुलासा द्या. फोटो जोड.

पाटी काढून भिंतीची भोकं बुजवायलाही सांग. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात माझ्याकडे बोल्ट गंजले आणि जूनमध्ये तिथूनच पाणी आत झिरपलं.

त्या दुसऱ्या फर्मकडून भाडं मात्र घेऊ नकोस. उद्या तुझी संमती होती म्हणतील. पत्र स्पीड पोस्टाने पाठव, पोचपावती जपून ठेव.