एकाच डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू, ऑपरेशन कधी?

प्रश्न: पुतण्या तीन आठवड्यांचा आहे, एका डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू निघाला. दुसरा डोळा छान आहे. घरचे म्हणतात, दोन वर्षांचा झाला की ऑपरेशन करू. थांबलं तर चालेल का?

नाही चालणार. दुसरा डोळा छान आहे म्हणूनच घाई करायची.

माझ्या मुलीच्या वेळी आमचे मोठे दीर हेच म्हणत होते, "पोर जरा अंगानं भरू दे, मोतीबिंदू कुठं पळून जातोय?" मोतीबिंदू जात नाही हो, मेंदूतली जागा जाते! ह्यूबेल आणि वीझल या मेंदू-शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली. दोन-तीन महिन्यांनी उघडली तेव्हा डोळ्याचा पडदा काम करत होता, पण मेंदूच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या, म्हणजे पाहण्याचं काम करणाऱ्या भागातल्या, जवळपास सगळ्या पेशी फक्त उघड्या राहिलेल्या डोळ्याचं ऐकत होत्या. मोठ्या मांजराचा डोळा असाच बंद ठेवला, तर काही बिघडलं नाही. आणि दोन्ही डोळे शिवलेल्या पिल्लांत मात्र बऱ्याच पेशी डोळ्यांना प्रतिसाद देत राहिल्या. म्हणजे नुसत्या अंधारानं इतकं होत नाही. दोन डोळ्यांची जागेसाठी चढाओढ चालते, आणि बंद डोळा त्यात हरतो. पुढं माकडांत तर कॉर्टेक्सच्या चौथ्या थरातले बंद डोळ्याचं ऐकणाऱ्या पेशींचे पट्टे आक्रसलेले आणि दुसऱ्याचे रुंदावलेले प्रत्यक्ष दिसले.

आमच्या डॉक्टरांनी दीड महिन्याच्या आतबाहेर ऑपरेशन केलं. खरी लढाई त्यानंतर. रोज कॉन्टॅक्ट लेन्स घालायची आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे मागे पडलेल्या डोळ्याला काम मिळतं. मुलगी ती पट्टी ओरबाडून टाकायची, मग कोपर वाकू नये म्हणून मी हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या घातल्या. दीर म्हणाले, "धडका डोळा बांधून पोरीला आंधळी करताय." आंधळी ती ऑपरेशन करूनही पट्टी न बांधल्यानं झाली असती. नुसतं गढूळ भिंग काढून मेंदू त्या डोळ्याकडं वळत नाही.

पट्टी किती तास, ते मात्र डॉक्टरच ठरवतील. अति बांधली तर चांगला डोळाही मंदावतो. ऑपरेशनही पहिल्या चार आठवड्यांत केलं तर काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून एका डोळ्याला साधारण चार ते सहा आठवडे हा काळ धरतात. तुमच्याकडं आहे तो वेळ एवढाच, तेव्हा याच आठवड्यात लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांना गाठा. बाहुलीत दिसणारं पांढरं मोतीबिंदूच आहे ना, हेही त्यांच्याकडून पक्कं करून घ्या, कारण डोळ्यातली गाठसुद्धा तशीच पांढरी दिसते. आणि जन्मांध मुलांवर उपचार करणाऱ्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये मोठी मुलंही ऑपरेशननंतर पाहू लागली, असं कुणी सांगेल. खरं आहे, पण त्या मुलांचे दोन्ही डोळे बंद होते. तुमच्या पुतण्याचा एक उघडा आहे.