किमोनंतरचा ताप: सकाळपर्यंत थांबू नका

*"आईची किमो मुंबईत चालू आहे. दुसरी झाल्यावर तिला गावी देवगडला आणलंय. डॉक्टर म्हणाले, ताप आला तर लगेच दवाखान्यात न्या. पण इथे पावसात ताप कुणाला येत नाही? रात्री ताप भरला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळी नेलं तर नाही का चालणार? रात्री गाडी मिळत नाही, आणि उगाच धावाधाव केली तर आईच घाबरते."*

ताई, नाही चालणार. का ते एका घरातल्या गोष्टीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

राजापूर तालुक्यातलं गाव. पन्नाशी ओलांडलेल्या बाई, स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया झालेली. दर एकवीस दिवसांनी किमो, तीही पेशंट ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ती. पहिल्या किमोनंतर दुसऱ्याच दिवशी त्यांना बारीक ताप आला होता. मालकांनी गोळी दिली, ताप उतरला, पुढे काही झालं नाही. घराने यातून धडा घेतला: ताप येतो, गोळीने जातो. माझ्या अनुभवात घात होतो तो बहुतेकदा इथेच.

दुसऱ्या किमोनंतर त्या गणपतीसाठी गावी आल्या. अकराव्या दिवशी गौरीपूजन होतं आणि धाकट्या सुनेचा पहिला ओवसा. घर चाकरमान्यांनी भरलेलं. सकाळपासून अंगात कणकण होती, पण बाई बोलल्या नाहीत. दुपारी डब्यातल्या पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या घेतल्या आणि सुपं मांडायला बसल्या. थर्मामीटर लावलाच नाही. दोन तास बरं वाटलं. तिन्हीसांजेला मोठ्या सुनेच्या लक्षात आलं की एवढ्या उकाड्यात आई चादर मागतायत. तिने थर्मामीटर लावला. 99.1. सगळे म्हणाले, काही नाही, दमल्यात. नऊच्या सुमारास हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. पुन्हा लावला तर 101.6.

आता शरीरात काय चाललं होतं ते सांगते, म्हणजे गोळीचा खेळ कळेल.

किमो कर्करोगाच्या पेशींबरोबर हाडांच्या मगजात नव्याने तयार होणाऱ्या रक्तपेशींनाही मारते. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर सर्वांत आधी धावून जातात आणि त्यांचं आयुष्य फार थोडं असतं, म्हणून त्या लवकर संपतात. बहुतेक किमोंमध्ये सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास त्यांची संख्या तळाला जाते, मग हळूहळू वर येते. औषधानुसार हे दिवस पुढेमागे होतात, तुमच्या आईचे नेमके कोणते ते डॉक्टरांना विचारून घ्या. या बाईंना पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी ताप आला तेव्हा पेशी अजून खाली गेल्या नव्हत्या. अकराव्या दिवशी त्या तळाला होत्या. घराला ताप तसाच वाटला तरी दिवस वेगळा होता. अर्थात दुसऱ्या दिवशीचा ताप डॉक्टरांना कळवायचा नाही असं नाही. तोही कळवायचाच.

दुसरी गोष्ट. जखमेत पू होतो, घसा लाल होतो, छातीत कफ भरतो, हे सगळं बऱ्याच अंशी याच पेशी लढत असतात म्हणून दिसतं. त्याच नसतील तर सूज नाही, पू नाही, खोकला नाही. जंतू रक्तात शिरले तरी बाहेर दिसतो तो फक्त ताप, कधीकधी तोही नाही. पॅरासिटामॉलने ती एकच खूण पुसली जाते, जंतू मात्र वाढतच राहतात. संध्याकाळचा 99.1 हा आकडा गोळीचा होता. त्यावर विसंबून दीड-दोन तास गेले, त्याआधीची दुपार तर गेलीच होती. अशा पेशंटचं रक्तातलं इन्फेक्शन काही तासांत रक्तदाब पाडू शकतं. म्हणून दवाखान्यात पोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा जगभरचा दंडक आहे.

मोठ्या सुनेने मुंबईच्या वॉर्डात फोन लावला. तिथल्या नर्सने दोनच गोष्टी विचारल्या, किमोचा कितवा दिवस आणि ताप किती. मग म्हणाली, आता गोळी देऊ नका, निघा. मालकांचं म्हणणं होतं, पाहुण्यांसमोर कुठे, सकाळी बघू. सुनेने ऐकलं नाही. शेजारच्याची गाडी निघाली.

तालुक्याच्या दवाखान्यात तिने दारातच सांगितलं, "किमोचा अकरावा दिवस आहे, ताप एकशे एकच्या वर आहे, पांढऱ्या पेशी कमी असतील." हे वाक्य पाठ करून ठेवा. नुसतं "ताप आहे" म्हटलं तर पावसाळ्यात आपल्याकडे मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचा विचार आधी होतो, आणि तो चुकीचाही नाही. त्या तपासण्याही व्हाव्यात, पण अँटिबायोटिक त्यांच्या रिपोर्टसाठी थांबता कामा नये. रात्रीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, 124. रक्तदाब 90 वर 60. त्यांनी रक्त काढून घेतलं, सलाईन लावलं, मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि शिरेतून पहिला डोस तिथेच दिला. मग रत्नागिरीला पाठवलं. लांजा, पाली, हातखंबा, गणपतीतला हायवे, त्या रस्त्याला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. पहिला डोस रत्नागिरीवर ढकलला असता तर काय झालं असतं, ते मला उच्चारायचं नाही.

रिपोर्ट आला तेव्हा एकूण पांढऱ्या पेशी 900 होत्या. त्यात न्यूट्रोफिल 12 टक्के, म्हणजे 108. हा आकडा 500 च्या खाली असला आणि ताप असला की डॉक्टर ती आणीबाणी मानतात. ताप चौथ्या दिवशी उतरला. आठवड्याने बाई घरी आल्या.

माझ्याकडे त्या आल्या तेव्हा मोठी सून रडत होती. नात्यातले कुणी म्हणाले होते की पाहुण्यांची गर्दी केली, बाहेरचं खाऊ घातलं, म्हणून हे झालं. पण कल्चरमध्ये, म्हणजे काढलेल्या रक्तात कोणता जंतू वाढतो ते पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय सापडला होता, आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा जंतू. किमोने तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर झिजतं, आतलेच जंतू तिथून रक्तात शिरतात. न्यूट्रोफिल कमी असतानाची बरीच इन्फेक्शनं अशी पेशंटच्या स्वतःच्या शरीरातूनच येतात, आणि पुष्कळदा तर जंतू सापडतच नाही. हात धुणं, सर्दी-खोकला असलेल्यांना लांब ठेवणं, शिजवलेलं गरम अन्न देणं हे कराच. पण सगळं करूनही ताप येऊ शकतो आणि तो काळजी घेणाऱ्याचा गुन्हा नसतो. मला हे आग्रहाने सांगावंसं वाटतं, कारण दोष लागेल या भीतीने घरं ताप लपवतात.

आणि पेशंटही लपवतो. "सुनेचा ओवसा होता हो, मी कशी मोडता घालणार," असं बाई म्हणाल्या. त्यामुळे आईला "बरं वाटतंय का" असं विचारू नका. उत्तर "हो"च येणार. पेशी तळाला जातात त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ आणि कणकण वाटेल तेव्हा डिजिटल थर्मामीटर लावा. चहा-पाणी घेतलं असेल तर वीसेक मिनिटं थांबून तोंडात लावा. तोंड आलं असेल तर काखेत लावा, पण काखेतला आकडा थोडा कमी येतो हे ध्यानात ठेवा. कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. 100.4 किंवा त्यावर दिसलं की फोन करायचा आणि निघायचं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. अंगदुखीसाठीसुद्धा पॅरासिटामॉल किंवा कॉम्बिफ्लामसारखी गोळी थर्मामीटर लावल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

ताप नसतानाही निघायचं असे प्रसंग आहेत. हुडहुडी भरणं, बोलण्यात असंबद्धपणा किंवा गुंगी, धाप, हातपाय गार पडणं, लघवी फार कमी होणं. उलटीसाठी किमोबरोबर जे स्टिरॉइड देतात तेही ताप दाबतं, आणि वयस्कर माणसाला कधीकधी ताप चढतच नाही. किमोसाठी पोर्ट किंवा हातात लाईन बसवली असेल तर ती धुतल्यावर थंडी वाजली, तिथे लाली आली, तर तेही त्याच रांगेत धरा.

आपल्याकडे अजून एक सवय आहे, ताप उतरायची सुई कमरेत मारून घ्यायची. या दिवसांत ती नको. प्लेटलेटही कमी असू शकतात, आत रक्त साकळतं, गाठ धरते. एनिमा किंवा शौचाच्या जागेतून औषध, तिथून तापमान घेणं, हेही नाही.

रात्रीच्या गाडीचं म्हणताय ते खरं आहे, पण तो प्रश्न दिवसा सोडवायचा. वाडीतल्या कुणाची गाडी रात्री निघेल ते आजच विचारून ठेवा, दुसरं नाव म्हणून 108 आहेच. जवळचा दवाखाना गाठून विचारा: रात्री डॉक्टर असतात का, शिरेतून अँटिबायोटिक देता येईल का, रक्त तपासणी होते का. नसेल तर पुढचा कोणता, कणकवली की थेट गोव्याकडे, हे ठरवा. मुंबईच्या वॉर्डाचा रात्रीचा नंबर भिंतीवर लावा, फाइल आणि शेवटच्या किमोचा कागद एका पिशवीत ठेवा. कॅलेंडरवर ते दिवस लाल पेनाने खुणावा. आईला आत्ताच सांगा की आकडा दिसला की आपण निघणार, तेव्हा चर्चा नाही. आधी ठरलेलं असलं की त्या रात्री घाबरायला कारण कमी उरतं.

तपासून, रक्ताचे आकडे पाहून काही पेशंटना डॉक्टर तोंडाने घ्यायची अँटिबायोटिकं देऊन घरी पाठवतात. म्हणजे तुमची धाव फुकट गेली असं नाही. धोका कमी आहे हे तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही, मलाही नाही.

त्या बाईंना तिसऱ्या किमोनंतर दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं गेलं. तुमच्या आईलाही ते लागेल का, हे पुढच्या भेटीत विचारा. त्याने हाडं दुखतात, बारीक तापही येऊ शकतो, आणि घरात सगळे म्हणतात "हा इंजेक्शनचाच ताप." असेलही, पण 100.4 दिसलं तर ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. फोन तेव्हाही करायचाच.