ग्रेड जुळली, तरी हा डबा स्प्लेंडरचा नाही

प्रश्न: फोटोतला ऑइलचा डबा भावाच्या अ‍ॅक्टिवासाठी आणलेला, सील न फोडता पडून आहे. कुठल्या कंपनीचा, कोणत्या ग्रेडचा आहे? माझ्या २०१९ च्या स्प्लेंडर प्लसला चालेल का? राहायला धायरीला.

उत्तर:

नका घालू. भावाच्या अ‍ॅक्टिवातच जाऊ द्या.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर माझी बारा वर्षं गेली. शेवटची काही वर्षं तर निम्मं काम मोबाइलवर डब्यांचे फोटो बघण्याचंच होतं. तुमचा फोटो त्या मानाने बरा आहे, फक्त फ्लॅशची तिरीप नेमकी मधल्या ओळीवर आली आहे.

कंपनी स्पष्ट दिसते, कॅस्ट्रॉल. खाली ‘अ‍ॅक्टिव्ह स्कूटर’ आहे, ते त्या ऑइलचं नाव. यात बरेच जण फसतात. समोर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचंच नाव असेल असं नाही. सर्वो म्हणजे इंडियन ऑइल, मॅक म्हणजे भारत पेट्रोलियम. आणि मोटुलच्या डब्यावरचा 7100 हा आकडा ग्रेड नव्हे, तेही नावच. ग्रेड ओळखायची खूण एकच, दोन आकड्यांच्या मध्ये W. तुमच्या डब्यावर ती 10W-30 आहे.

आता घोटाळा असा की स्प्लेंडर प्लसच्या पुस्तिकेतही 10W-30 च दिलेलं असतं. म्हणून तुम्हाला वाटलं, जुळलं. पण हे आकडे फक्त ऑइल किती घट्ट-पातळ आहे ते सांगतात: पहिला कडाक्याच्या थंडीत, दुसरा इंजिन तापल्यावर. ते ऑइल क्लचला चालेल की नाही, हे त्या आकड्यांत नाही. ते दुसऱ्या ओळीत असतं, आणि नेमकी तीच ओळ तुमच्या फोटोत पुसट आली आहे.

मी फोटो मोठा करून पाहिला. आधी API SL आहे, ती ऑइलच्या दर्जाची खूण, ते ठीक. स्प्लेंडरलाही SL चालतं. पुढे JASO, मग M, आणि शेवटचं अक्षर तिरिपीत अर्धं गेलेलं. A असतं तर वर टोक आणि खाली दोन तंगड्या दिसल्या असत्या. इथे डावीकडे सरळ दांडी आणि उजवीकडे दोन फुगवटे आहेत, म्हणजे B. शिवाय नावात ‘स्कूटर’ आहे आणि कोपऱ्यात ८०० मिली. गिअरच्या गाड्यांच्या बाटल्या बहुतेक ९०० मिली किंवा लिटरच्या असतात. तिन्ही खुणा स्कूटरच्या ऑइलकडेच बोट दाखवतात. खात्रीच करायची तर फ्लॅश बंद करून, डबा खिडकीजवळ आडवा धरून त्या ओळीचा फोटो काढा. गोल डब्यावर अक्षरं कडेला वळतात, तेव्हा थोडा फिरवून दोन फोटो काढलेले बरे.

जासो हे चार-स्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठीचं जपानी मानांकन. त्यात MA म्हणजे ओल्या क्लचला चालणारं ऑइल (MA1 आणि MA2 हे त्याचेच पोटप्रकार), आणि MB म्हणजे जास्त निसरडं ऑइल. स्प्लेंडरच्या क्लच प्लेट इंजिनच्या त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. प्लेटने प्लेट घट्ट धरली तरच ताकद चाकापर्यंत जाते, म्हणून तिथे थोडं घर्षण लागतंच. अ‍ॅक्टिवात बेल्ट असतो, तिचा क्लच कोरडा, आणि इंजिन ऑइलचा त्याला स्पर्शही होत नाही. तिथे घर्षण जितकं कमी तितकं अ‍ॅव्हरेजला चांगलं, म्हणून तिला MB देतात. ऑइल हलक्या दर्जाचं आहे असं मुळीच नाही, ते दुसऱ्या यंत्रासाठी केलेलं आहे, एवढंच.

ही चूक मी स्वतः केली आहे, काउंटरवर बसायच्या आधी. एका गॅरेजवाल्याने उरलेलं स्कूटरचं ऑइल माझ्या स्प्लेंडरमध्ये ओतलं. मी 10W-30 वाचलं आणि मान डोलावली. गावात तीन आठवडे काही जाणवलं नाही. मग एका रविवारी बायकोला मागे बसवून सिंहगडला निघालो. डोणज्याच्या पुढे चढ लागला तसा रेस वाढवला, तर इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी आपली तेवढ्याच वेगाने रांगतेय. पुढच्या वळणावर जळका वास आला. बायको म्हणाली, ‘‘अहो, मागे कोणी कचरा पेटवलाय का?’’ पेटत होत्या आमच्याच क्लच प्लेट. तसंच पुढे रेटायला नको होतं, पण अर्ध्यातून परतायची लाज वाटली. शेवटी ऑइलही बदललं आणि चकचकीत होऊन बसलेल्या प्लेटही.

प्रत्येक गाडीला असंच होईल असं मी म्हणणार नाही. प्लेट नव्या असतील आणि सपाट रस्त्यावर एकटेच फिरत असाल, तर MB घालूनही महिनोन्महिने कळत नाही. चढ, डबलसीट आणि ऊन हे तिन्ही एकत्र आले की कळतं. तुम्ही धायरीत राहता, सिंहगड काही फार लांब नाही.

असं ऑइल आधीच कोणी घातलं असेल आणि शंका आली, तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये साधारण ४० च्या वेगाने जाताना रेस एकदम पूर्ण द्या. आवाज ताबडतोब चढला आणि काटा मागे राहिला, तर क्लच घसरतोय. पण दोष ऑइलला देण्याआधी क्लचचा लिव्हर बघा. टोकाशी १० ते २० मिमी ढिला हलला पाहिजे. केबल ताणलेली असेल तर उत्तम ऑइलमध्येही क्लच घसरतो, आणि ते काम पाच मिनिटांचं आहे. लिव्हर नीट असेल आणि घसरणं नुकतंच सुरू झालं असेल, तर MA घातल्यावर बऱ्याचदा पकड परत येते. जळका वास येऊन गेला असेल तर मात्र प्लेट उघडून बघाव्याच लागतात.

फोटोवरून डब्याचं नाव सांगता येतं, आत काय आहे ते नाही. म्हणून अ‍ॅक्टिवात ओतण्याआधी झाकणाखालची कडी अखंड आहे का आणि बॅच नंबर खरवडलेला नाही ना, एवढं भावाला बघायला सांगा.

स्प्लेंडरसाठी दुकानात ‘10W-30, MA’ असं मागा, आणि पैसे देण्याआधी शेवटचं अक्षर स्वतः वाचा. भरताना बाटली सरळ उपडी करू नका, थोडं हातचं राखा. गाडी मेन स्टँडवर लावून इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा, मग ऑइल मोजायची दांडी पुसून पातळी बघा. बघताना दांडी आटे फिरवून घट्ट करायची नाही, नुसती टेकवायची. घट्ट केली की ती खोल जाते, ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि गाडी कमी ऑइलवर चालत राहते.