अर्भक मृत्यू दर: पाहणीचा आकडा आणि नोंदणीचा आकडा

> "एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्राचा अर्भक मृत्यू दर २३, एसआरएसमध्ये १६, आणि आमच्या जिल्ह्याचा जन्म-मृत्यू नोंदणीवरून काढला तर जेमतेम ७ येतो. आम्ही राज्यापेक्षा पुढे आहोत असं अहवालात लिहू का?"

कृपया लिहू नका. काही वर्षांपूर्वी मी अगदी हेच वाक्य एका जिल्हा आराखड्यात लिहिलं होतं. मी संख्याशास्त्रज्ञ नाही, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत आकडे गोळा करायचो. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

अर्भक मृत्यू दर म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं. आधी दोन पाहण्यांचं. एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, एसआरएस म्हणजे निवडक गावा-वस्त्यांत चालणारी नमुना नोंदणी पद्धत. २३ आणि १६ हे एका काळाचे आकडे नाहीत. एनएफएचएस-५ चं महाराष्ट्रातलं काम २०१९ च्या उत्तरार्धात झालं आणि तिचा दर त्याआधीच्या पाच वर्षांचा असतो. एसआरएसचा १६ हा एकट्या २०२० चा आहे. एसआरएसचेच २०१४ ते २०१९ चे आकडे घ्या: २२, २१, १९, १९, १९, १७. सरासरी वीसच्या आसपास जाते. म्हणजे सातचा वाटणारा फरक तीन-चारचाच आहे. त्यातला बराचसा नमुन्याच्या चुकीत मावू शकतो, कारण एका राज्याच्या नमुन्यात अर्भक मृत्यू काही शेकड्यांतच सापडतात. शिवाय एनएफएचएस आईच्या आठवणीवर चालते, तर एसआरएसमध्ये गावातला नोंद घेणारा वर्षभर टिपत असतो, पर्यवेक्षक सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरोघरी जातो आणि न जुळलेल्या नोंदी पुन्हा तपासल्या जातात.

तुमचा ७ मात्र वेगळ्या जातीचा आकडा आहे. नोंदणी घटना जिथे घडली तिथे होते, कुटुंब राहतं तिथे नाही. माझ्या जिल्ह्यात नवजात बाळांसाठी धड अतिदक्षता कक्ष नव्हता. कमी वजनाचं, श्वास न घेणारं बाळ शेजारच्या मोठ्या शहरात पाठवायचे. ते तिथे दगावलं तर मृत्यू त्या शहराच्या खात्यात आणि जन्म आमच्या. शहराचा दर फुगलेला, आमचा देखणा! एसआरएसमध्ये असं होत नाही, कारण तिथे नेहमीच्या रहिवाशाची घटना बाहेर घडली तरी त्याच्या गावीच धरतात. माहेरी झालेलं बाळंतपणसुद्धा.

गोल आकड्यांत सांगतो. नोंदवलेले जन्म ३०,०००, अर्भक मृत्यू २१०, म्हणून दर ७. पण त्या जन्मांतले २,००० आधीच्या वर्षांचे होते, शाळेचा दाखला काढताना उशिरा नोंदवलेले. उरले २८,०००. शहरात दगावलेली आपली बाळं १४० धरा. मृत्यू ३५० झाले आणि दर १२.५. घरी दगावलेली, कुठेच न नोंदवलेली बाळं यात अजून आलेलीच नाहीत.

ती का नोंदवली जात नाहीत? जन्माचा दाखला शाळेपासून पासपोर्टपर्यंत लागतो. चार दिवसांच्या बाळाच्या मृत्यूच्या दाखल्याचं घरच्यांना काम पडत नाही. २१ दिवसांच्या मुदतीत त्या आईबापाने ग्रामपंचायतीत कशासाठी जावं? काही बाळांचे तर जन्म आणि मृत्यू दोन्ही राहून जातात, काही 'मृत जन्म' म्हणून लिहिली जातात.

मला सर्वात महाग पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. आईच्या राहण्याचं ठिकाण जन्माच्या अर्जात विचारलेलं असतं, मृत्यूच्या अर्जातही मृताचा पत्ता असतो. मी राहण्याच्या ठिकाणानुसार तक्ता मागितला, तर सहा महिने "तसं संकलन होत नाही" एवढंच उत्तर. शेवटी एकूण बेरजा मिळाल्या, त्याही घटनेच्या नव्हे, नोंदणीच्या वर्षाच्या. त्या तशाच वापरल्या ही चूक माझी. पण परिणाम असा की आराखड्यात नवजात कक्षाची मागणी मागे पडली, कारण कागदावर बाळं मरतच नव्हती. त्याचा राग अजून जात नाही.

तुम्ही करा एवढंच: मृत्यूंचं वय बघा. देशात २०२० मध्ये एसआरएसनुसार २८ पैकी २० अर्भक मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते. तुमच्या रजिस्टरात हा वाटा निम्म्याहून कमी असेल, तर सुरुवातीची बाळं गळली आहेत असं समजा. मृत जन्म भरपूर आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू जवळपास शून्य दिसले, तर ती कुठे गेली तेही कळेल. मुलींचे मृत्यू मुलांपेक्षा फारच कमी असतील, तरी मला शंका येते.

आणखी एक, माझं मत म्हणून घ्या. एसआरएस आणि एनएफएचएस जिल्ह्याचा अर्भक मृत्यू दर देत नाहीत, त्यामुळे राज्याचा आकडा शेजारी ठेवून जिल्ह्याची तुलना करायचीच नाही. अहवालात दराऐवजी "नोंदवलेले अर्भक मृत्यू २१०, घटनास्थळानुसार" असं लिहा, आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयाकडे तुमच्या तालुक्यांचे पत्ते असलेल्या नवजात मृत्यूंची संख्या लेखी मागा. नावं मागू नका, फक्त तालुका आणि वय. मला ती यादी तिथल्या नोंदणी विभागातून दोन आठवड्यांत मिळाली होती, आराखडा छापून झाल्यावर.