लेबर कोर्टाच्या ऑर्डरमधून एचआर हेडसाठी अ‍ॅक्शन नोट कशी काढायची?

प्रश्न: मी पुण्यात एका कंपनीत एचआर एक्झिक्युटिव्ह आहे. कामगाराला परत घ्यायची लेबर कोर्टाची ऑर्डर आलीये, 19 पानं. साहेब म्हणतात एका पानात सांग काय करायचं आणि कधीपर्यंत. वकिलांनी फक्त पीडीएफ पाठवली. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

मी चाकणला एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत आयआर बघायचो, अशा नोटा बऱ्याच काढल्यात, आणि पहिलीच चुकवली होती, ते पुढे सांगतो.

आधी पहिल्या पानावरचा केस नंबर बघा. तिथे कम्प्लेंट (यूएलपी) लिहिलंय की रेफरन्स (आयडीए)? कारण तारीख कुठून मोजायची ते यावरच ठरतं. रेफरन्स म्हणजे जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा अवॉर्ड. तो सरकारने प्रसिद्ध करावा लागतो आणि प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवस संपले की मग तो अंमलात आणण्यासारखा होतो, म्हणजे तिथे निकालाची तारीख आणि प्रसिद्धीची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी. यूएलपी म्हणजे 1971 चा महाराष्ट्राचा कायदा, एमआरटीयू-पीयूएलपी म्हणतात तो. तिथे प्रसिद्धीबिद्धीची भानगड नाही, ऑर्डरमध्ये जी मुदत लिहिलीये तीच, आणि ती बहुतेक वेळा ऑर्डरच्या तारखेपासूनच धावायला लागते. (21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीये, त्यामुळे तुमची ऑर्डर त्यानंतरची असेल तर कुठलं कलम लावलंय ते वकिलांकडून एका ओळीत लिहून घ्या. मी खाली जे सांगतोय ते त्याआधीच्या यूएलपी ऑर्डरबद्दल आहे.)

मग सरळ शेवटच्या पानावर जा, जिथे मधोमध 'आदेश' किंवा 'ऑर्डर' असं लिहिलेलं असतं. करायचं काय ते तिथे असतं. पण फक्त तेवढंच वाचून नोट काढू नका, कारण शेवटचं पान 'काय करा' सांगतं आणि 'किती' व 'का' हे मधल्या परिच्छेदांत लपलेलं असतं.

एक केस सांगतो, नावं आणि आकडे बदललेत. कामगार 2 फेब्रुवारी 2019 पासून बडतर्फ. ऑर्डर 8 जानेवारी 2024 ची. शेवटच्या पानावर असं होतं: कम्प्लेंट अंशतः मंजूर, कंपनीने अनुसूची चारच्या आयटम एकखाली अनुचित प्रथा केली असं जाहीर, ती पुन्हा करू नये, ऑर्डरच्या तारखेपासून 30 दिवसांत सेवेच्या सलगतेसह कामावर घ्यावं, बडतर्फीपासून कामावर घेईपर्यंतचा 50 टक्के मागील पगार ऑर्डरच्या तारखेपासून 60 दिवसांत द्यावा, न दिल्यास ऑर्डरच्या तारखेपासून 6 टक्के व्याज. खर्चाबद्दल आदेश नाही.

यातून कामं निघतात दोन, कामावर घेणं आणि पैसे देणं. 'पुन्हा करू नये' याला तारीख नाही, पण म्हणून ते नोटमधून गाळू नका, साहेबांना कळू द्या की त्याच माणसाला दोन महिन्यांत परत चार्जशीट दिली तर कोर्ट त्याच्याकडे कसं बघेल.

आता तारखा. 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सोडायचा. 8 जानेवारी सोडून मोजा, जानेवारीचे उरले 23, फेब्रुवारीचे 7, म्हणजे 30 वा दिवस 7 फेब्रुवारी. साठावा मोजताना फेब्रुवारी 29 चा होता (लीप वर्ष, आमच्या अकाउंट्सने 28 धरून 9 मार्च काढला होता), म्हणजे शेवटचा दिवस 8 मार्च. आणि 8 मार्च 2024 ला महाशिवरात्र, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. तीन दिवस बँका बंद! डीडी काढायचा असता तर गेलाच होता. सुट्टी आली की मुदत आपोआप पुढे ढकलली जाते असं खूप जण धरून चालतात, पण ते कोर्टात किंवा ऑफिसात करायच्या गोष्टींना लागू होतं, तुम्ही तुमच्याच गेटवर माणूस घ्यायचा आणि त्याच्या खात्यात पैसे टाकायचे याला त्याचा आधार घेऊ नका. म्हणून नोटमध्ये मी नेहमी दोन तारखा टाकतो, कोर्टाची शेवटची आणि आपली. इथे आपली होती कामावर घ्यायला 2 फेब्रुवारी आणि पैशाला 1 मार्च. (1 फेब्रुवारी आधी ठरली होती पण तो गुरुवार, आमची साप्ताहिक सुट्टी. लेटर टाईप झाल्यावर टाईमकीपरच्या लक्षात आलं.) ऑर्डरमध्ये '30 दिवस' ऐवजी 'एक महिना' असेल तर कॅलेंडरचा महिना मोजायचा, म्हणजे 8 जानेवारीची मुदत 8 फेब्रुवारीला संपते. एका दिवसाचा फरक, पण नोटमध्ये ऑर्डरचे शब्द जसेच्या तसे लिहा म्हणजे कुणीही परत मोजून बघू शकतो.

माझी पहिली नोट चुकली ती इथेच, ती केस वेगळी. मी 30 दिवस सर्टिफाईड कॉपी हातात पडल्यापासून मोजले, कारण कॉपी यायला 12 दिवस लागले आणि मला वाटलं कागदच नाही तर मुदत कशी सुरू होईल. ऑर्डरमध्ये 'ऑर्डरच्या तारखेपासून' असं स्वच्छ लिहिलं होतं. कॉपीसाठी गेलेला वेळ वरच्या कोर्टात जायच्या मुदतीतून वगळतात, पालनाच्या मुदतीतून नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही माणूस मुदतीनंतर चार दिवसांनी घेतला आणि तोपर्यंत समोरच्या वकिलांनी कलम 48 खाली तक्रार टाकली होती. त्या कलमात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, आणि आमचे फॅक्टरी मॅनेजर प्रतिवादी नंबर दोन म्हणून नावानिशी होते. प्रकरण मिटलं पण पुढचे दोन महिने ते माझ्याशी नीट बोलत नव्हते. तेव्हापासून पहिल्या पानावर प्रतिवादी कोण कोण आहेत ते मी नोटच्या पहिल्या ओळीत लिहितो.

आता वरच्या केसमधले पैसे. 50 टक्के म्हणजे कशाचे 50 टक्के? शेवटच्या पानावर आकडा नव्हता. परिच्छेद 21 मध्ये होतं की शेवटचा पगार 18,400 हा दोन्ही बाजूंना मान्य आहे, कंपनीने दिलेल्या पे-स्लिपवरून. 2 फेब्रुवारी 2019 ते 1 फेब्रुवारी 2024 म्हणजे बरोबर 60 महिने. 60 गुणिले 18,400 म्हणजे 11,04,000, निम्मे 5,52,000. उशीर झाला तर वर्षाला 6 टक्क्यांनी महिन्याला 2,760, आणि ते 8 मार्चपासून नाही, ऑर्डरच्या तारखेपासून. हा आकडा नोटमध्ये टाकाच, साहेब टक्क्यांपेक्षा रुपये लवकर वाचतात.

इथेच एक भांडण झालं. परिच्छेद 27 मध्ये लिहिलं होतं की कामगाराने उलटतपासणीत मान्य केलं की तो मधे काही महिने दुसरीकडे कामाला होता. अकाउंट्स म्हणाले ते महिने वजा करू. मी तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचून दाखवला, कोर्टाने म्हटलं होतं की हे लक्षात घेऊन पूर्ण पगार न देता 50 टक्के देणं योग्य. म्हणजे ती वजावट कोर्टाने आधीच केलेली आहे, आपण परत केली तर ऑर्डर मोडली. मधल्या परिच्छेदातली गोष्ट म्हणजे आदेश नव्हे, ती आदेशाचा अर्थ लावायला वापरायची, त्यात भर घालायला किंवा काटछाट करायला नाही.

उलटही होतं. आदेशात 'सलगता' होती पण 'अनुषंगिक लाभ' हे शब्द नव्हते. युनियनचा माणूस म्हणाला मधल्या दोन करारांची वाढ पण द्या. मी नोटमध्ये यावर मत नाही दिलं, 'वकिलांना विचारायचं' म्हणून वेगळी ओळ केली, 15 जानेवारीपर्यंत लेखी उत्तर हवं अशी. सलगतेमुळे ग्रॅच्युइटीसाठी सेवा 2019 ला तुटलेली नाही एवढं मात्र नक्की, ते एचआरएमएस मध्ये जॉइनिंग डेट न बदलण्याच्या सूचनेत टाकलं, नाहीतर सिस्टीमवाले नवा एम्प्लॉयी कोड देऊन मोकळे होतात. पीएफ आणि टीडीएस या पैशावर कसा लावायचा ते पेरोलच्या नावावर.

अजून एक ओळ हवीच, आव्हान द्यायचं की नाही. पुण्याच्या यूएलपी ऑर्डरवर इंडस्ट्रियल कोर्टात कलम 44 खाली रिव्हिजन करता येतं. पण रिव्हिजन दाखल केलं म्हणजे ऑर्डर थांबली असं अजिबात नाही, स्टे हातात पडला तरच थांबते, आणि स्टे देताना पैसे जमा करायची अट येऊ शकते. त्यामुळे 'निर्णय 15 जानेवारीपर्यंत, स्टे 1 फेब्रुवारीपर्यंत हातात नसेल तर माणूस कामावर घ्यायचा' असं सरळ लिहा. साहेब 'वकील बघतायत' म्हणून गप्प बसले की मुदत जाते ती अशीच.

नोटचा आकार विचारलात तर माझी एक ओळ अशी दिसायची: आदेश क्र. 4, शब्द 'ऑर्डरच्या तारखेपासून 30 दिवसांत', कोर्टाची तारीख 7 फेब्रुवारी, आपली 2 फेब्रुवारी, जबाबदार प्लँट एचआर, पुरावा म्हणजे बोलावणं स्पीड पोस्टने कम्प्लेंटमधल्या पत्त्यावर, प्रत त्यांच्या वकिलांना, मग हजेरीपत्रकाची नक्कल. पुराव्याचा रकाना सोडू नका. माणूस आलाच नाही तर तुम्ही मुदतीत बोलावलं होतं हे त्या पोस्टाच्या पावतीवरूनच दाखवता येतं, फोन केला होता म्हणून कुणी ऐकत नाही. आणि दोन्ही कामं झाली की वकिलांना कोर्टात पालनाची पुरशिस, म्हणजे आदेश पाळल्याचं लेखी निवेदन, द्यायला सांगा, तिची शिक्का मारलेली प्रत त्याच फाईलला लावा. आमची 5 मार्चला लागली.